ज्या, जैब आणि साइन

शाळेत वर्तुळाचा धडा सुरू झाला, की मुलांची तीन शब्दांशी गाठ पडते : केंद्र, त्रिज्या आणि जीवा. पुढे त्रिकोणमिती येते आणि तिच्याबरोबर चौथा शब्द येतो, साइन. कुणालाही विचारा, पहिले तीन शब्द आपले, घरचे, आणि चौथा इंग्रजांबरोबर आलेला पाहुणा, असेच उत्तर मिळेल. पण वंशावळ काढून पाहिली तर गंमत होते. पहिला शब्द, केंद्र, ग्रीक निघतो. आणि चौथा, साइन, हा तिसऱ्याचाच, म्हणजे जीवेचाच, परदेशी वाढलेला वंशज निघतो.

एखाद्या शास्त्रीय संज्ञेला मराठीत रुळलेला शब्द नसेल तर नवा घडवावा की इंग्रजीच ठेवावा, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. एका बाजूचे लोक म्हणतात, परका शब्द घेतला की भाषा बाटते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, घडवलेले शब्द इतके बोजड असतात की ते कळण्यासाठी मूळ इंग्रजी शब्दच आठवावा लागतो. दोघेही हा प्रश्न अभिमानाचा करून टाकतात. खरे तर तो कामाचा प्रश्न आहे. शब्दाला कोणते काम करायचे आहे, ते ठरले की शब्द कुठून आणायचा याचे उत्तर पुष्कळदा आपोआप मिळते. वर सांगितलेल्या शब्दांचा प्रवास नीट पाहिला तर हे ध्यानात येते. म्हणून आज वादाऐवजी या प्रवासाविषयीच बोलू.

आधी केंद्र. ग्रीक भाषेत 'केंत्रोन' म्हणजे टोचणारे टोक. बैल हाकण्याच्या पराणीचे टोक, तसेच कंपासाचे कागदात रुतणारे टोक. कंपासाचे हे टोक जिथे रुतते तो वर्तुळाचा मध्यबिंदू. ग्रीक ज्योतिषी हाच शब्द कुंडलीतल्या चार महत्त्वाच्या स्थानांसाठीही वापरत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीकांचे फलज्योतिष भारतात आले, तेव्हा आपल्या पंडितांपुढे आजचाच प्रश्न होता. 'मध्य' हा शब्द त्यांच्याकडे होता, 'नाभि' होता. पण ते सर्वसाधारण शब्द होते. घराचा मध्य, रात्रीचा मध्य, चाकाची नाभी. कुंडलीतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानाला मिळून एक नेमके नाव हवे होते. त्यांनी ग्रीक शब्दच घेतला आणि त्याला संस्कृतचा पेहराव चढवला, केंद्र. लिप्ता, होरा हे शब्दही असेच आले. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ग्रंथांत असे शब्द सर्रास दिसतात आणि ते वापरताना त्याला कसलाही संकोच झालेला दिसत नाही.

पुढे या शब्दाचे काय झाले ते पाहा. ज्योतिषातून तो गणितात गेला, गणितातून व्यवहारात. आज आपण केंद्रीय म्हणतो, केंद्रित म्हणतो, विकेंद्रीकरण म्हणतो, परीक्षा केंद्र आणि आरोग्य केंद्र म्हणतो. दिल्लीच्या सरकारला केंद्र सरकार म्हणतो आणि इंग्रजीतल्या 'सेंटर'चे हे शुद्ध भाषांतर आहे असे समजतो. वास्तविक सेंटर आणि केंद्र ही एकाच ग्रीक आजीची दोन नातवंडे. परका शब्द आपला झाला, हे कशावरून ओळखायचे? तो आपल्या व्याकरणाने मुलेबाळे जन्माला घालू लागला, यावरून. 'केंद्र'ला 'ईय' हा प्रत्यय लागला, 'वि' हा उपसर्ग लागला, आणि कुणालाही ते खटकले नाही. ही पहिली खूण लक्षात ठेवू.

आता जीवा. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या म्हणतात, जीवाही म्हणतात. वर्तुळाचा एक तुकडा घ्या आणि त्याची दोन टोके सरळ रेषेने जोडा. वाकलेला तुकडा धनुष्यासारखा दिसतो आणि सरळ रेषा त्याच्या दोरीसारखी. म्हणून त्या वाकलेल्या तुकड्याला चाप म्हणत आणि रेषेला ज्या किंवा जीवा. कुणीतरी आकृतीकडे डोळे भरून पाहिले आणि जे दिसले तेच नाव दिले. संज्ञा घडवण्याची ही सर्वांत चांगली रीत.

ग्रीक ज्योतिर्विद आकाशातले अंतर मोजताना पूर्ण जीवा वापरत. भारतीय गणित्यांच्या लक्षात आले, की पूर्ण जीवेपेक्षा तिचा अर्धा भाग हिशेबाला सोयीचा पडतो, कारण त्याने काटकोन त्रिकोण तयार होतो. म्हणून 'ज्यार्ध' हा शब्द आला, अर्धी ज्या. रोजच्या वापरात त्यातला 'अर्ध' गळाला आणि अर्ध्या जीवेलाच नुसते ज्या किंवा जीवा म्हणू लागले. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलेल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात अशा २४ ज्या काढण्याची सोय आहे. त्याने वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला, कारण ३६० अंशांच्या तेवढ्याच कला होतात. त्या परिघाला त्रिज्या येते ३४३८. काटकोनाचे २४ सारखे भाग केले की एकेक भाग पावणेचार अंशांचा होतो. पहिल्या भागाची ज्या २२५. पुढच्या प्रत्येक टप्प्याला किती मिळवायचे ते आकडे आर्यभटाने दिले आहेत : २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ असे. पहिल्या २२५ मध्ये हे सात आकडे मिळवले की आठव्या टप्प्याला, म्हणजे ३० अंशांना, १७१९ येतात. आता १७१९ ला ३४३८ ने भागा. उत्तर बरोबर अर्धे येते. आजची मुले ३० अंशांचा साइन अर्धा, असे पाठ करतात, तो हाच.

या हिशेबात आणखी एक शब्द जन्मला. तीन राशी म्हणजे ९० अंश. तीन राशींची ज्या म्हणजे शेवटची, सर्वांत मोठी ज्या, आणि ती वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढीच असते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. आज पाचवी-सहावीतला मुलगाही हा शब्द वापरतो आणि त्यात आर्यभटाच्या काळचा एक अख्खा हिशेब गुंडाळून ठेवला आहे, याची त्याला कल्पना नसते.

इथून ही ज्या बगदादला जाते. खलिफा मन्सूरने इ. स. ७६२ मध्ये बगदाद वसवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिंधकडून एक शिष्टमंडळ त्याच्या दरबारी गेले आणि त्याच्याबरोबर एक भारतीय ज्योतिषग्रंथ पोहोचला. त्याच्या आधाराने अरबीत जे ज्योतिषकोष्टक तयार झाले त्याला 'सिंदहिंद' म्हणू लागले. सिद्धांत या आपल्या शब्दाचेच ते अरबी रूप.

बगदादचे भाषांतरकार म्हणजे परिभाषेच्या धंद्यातले कसलेले लोक. ग्रीक, सुरियानी, फारसी आणि संस्कृत अशा चार दिशांनी ग्रंथ येत होते आणि प्रत्येक पानावर अरबीत नसलेला एखादा शब्द उभा होता. त्यांनी एकच नियम सगळीकडे लावला नाही. भूगोलाला ग्रीक शब्दच ठेवला, जुगराफिया; उर्दूत तो अजून आहे. भूमितीला मात्र 'हंदसा' म्हटले. हा शब्द फारसीतल्या मापाच्या शब्दावरून आला आणि आपल्या मराठीतला 'अंदाज' त्याचाच भाईबंद. मोजमाप हे व्यवहारातले काम होते, त्याला ओळखीचा शब्द सापडला. हंदसापासून मुहंदिस झाला, म्हणजे मोजणारा, बांधणारा, आजच्या अरबीत इंजिनिअर. जिथे शब्दाचा संसार वाढणार होता तिथे त्यांनी आपल्या मातीत रुजेल असा शब्द लावला.

मग 'जीवा'चे काय करायचे? अरबीत धनुष्याच्या दोरीला 'वतर' म्हणतात. ज्या या शब्दाचे तंतोतंत भाषांतर तयार होते. पण ग्रीकांकडून घेतलेल्या पूर्ण जीवेला 'वतर' हे नाव पडून गेले होते. अर्ध्या जीवेलाही वतर म्हटले असते तर एकाच कोष्टकात एक शब्द दोन लांबींना लागला असता आणि हिशेब दुपटीने चुकला असता. म्हणून त्यांनी संस्कृत शब्दच ठेवला, जीबा. तो निर्णय अगदी शहाणपणाचा होता. नेमके भाषांतर मिळते म्हणून ते वापरलेच पाहिजे असे नाही. त्या शब्दाची जागा आधीच कुणी अडवलेली नाही ना, हे पाहावे लागते. ही दुसरी खूण.

पण निर्णय शहाणपणाचा असूनही पुढे घात झाला. तो लिपीने केला. ज्यांनी लहानपणी अलिफ-बे गिरवले आहे त्यांना हे चटकन कळेल. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर अक्षरांनी लिहीत नाहीत. जेर, जबर, पेश अशा बारीक खुणा वर-खाली देतात, आणि सरावलेला माणूस त्याही देत नाही. 'जीब' लिहायचे तर जीम, ये, बे अशी तीन अक्षरे. आणि 'जैब' लिहायचे तरी तीच तीन अक्षरे. जीब या शब्दाला अरबीत काही अर्थ नव्हता. जैब हा मात्र रोजचा शब्द. कपड्याचा गळ्याजवळचा उघडा भाग, छातीवरची घडी, म्हणजे उर्दू शायर ज्याला गरेबान म्हणतात ते. उर्दू-हिंदीतला जेब तिथूनच आला. नवा वाचक अनोळखी शब्दापाशी अडखळला, की ओळखीचा शब्द वाचून मोकळा होतो. जीबचे जैब झाले. अरब गणित्यांचे त्यामुळे फारसे बिघडले नाही. नाव जैब असले तरी समोर आकृती होती, कोष्टक होते, आणि अर्धी जीवा म्हणजे काय ते त्यांना पक्के ठाऊक होते.

बिघडले ते पुढच्या मुक्कामी. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे जोरात सुरू झाली. तिथल्या भाषांतरकाराने जैब हा शब्द पाहिला, तो अरबीच आहे असे मानले आणि इमानेइतबारे त्याचा अर्थ लॅटिनमध्ये दिला, 'सायनस'. लॅटिनमध्ये सायनस म्हणजे वस्त्राची छातीवरची घडी, खोलगट जागा, समुद्राची खाडी. धनुष्याच्या ताणलेल्या सरळ दोरीचा कपड्याचा झोळ झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचेच इंग्रजी 'साइन' झाले. सर्दी झाल्यावर कपाळ दुखते आणि आपण सायनसचा त्रास म्हणतो, तो शब्दही हाच. नाकाजवळच्या हाडांतल्या पोकळ्यांना डॉक्टरांनी तेच लॅटिन नाव दिले. आपल्या धनुष्याची दोरी आणि आपले चोंदलेले नाक यांचे नाते असे बगदाद आणि स्पेनमधून जुळले.

या गोष्टीतून काय घ्यायचे? बगदादकरांनी शब्द ठेवला तेव्हा अर्थ शाबूत राहिला. स्पेनमधल्या भाषांतरकाराने शब्दाचा अर्थ लावून नवा शब्द बसवला तेव्हा दोरी तुटली. मूळ शब्द कुठला आणि त्याने कोणती वस्तू दाखवली जाते, हे न पाहता केवळ शब्दाचे भाषांतर केले, की असे होते. ठेवलेला परका शब्द निदान एवढे तरी सांगतो, की मी परका आहे, माझ्याविषयी विचारून घ्या. चुकीचे भाषांतर ओळखीचा चेहरा करून येते, म्हणून त्याला कुणी काही विचारत नाही.

आता मराठीकडे येऊ. जुने ज्योतिषी ज्या म्हणत होतेच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा मराठी ग्रंथ उघडला, की ज्या, भुज, कोटी हीच भाषा भेटते. हिंदीत आजही ज्या, कोज्या, स्पर्शज्या असे शब्द आहेत. मग मराठी शाळेत साइन कशाला? आपल्याच घरातून गेलेला शब्द बाहेरून विकत का घ्यायचा? हा प्रश्न भावनेला पटणारा आहे. पण वरच्या दोन खुणा लावून पाहू.

पहिली अडचण अर्थाची. आर्यभटाची ज्या ही लांबी आहे. ३० अंशांची ज्या १७१९ असते, आणि तीही त्रिज्या ३४३८ धरली तर. त्रिज्या बदलली की ज्या बदलते. आजचा साइन लांबी नाही, तो दोन लांबींचे गुणोत्तर आहे. संमुख बाजू भागिले कर्ण. वर्तुळ लहान असो की मोठे, ३० अंशांचा साइन अर्धाच. जुन्या ज्येला त्रिज्येने भागले की साइन मिळतो. म्हणजे ज्या आणि साइन एकाच घरातले असले तरी एकच नव्हेत. साइनला ज्या म्हटले, तर जुने ग्रंथ वाचणारा विद्यार्थी १७१९ आणि अर्धा या दोन आकड्यांत गोंधळेल.

दुसरी अडचण जागेची. जीवा हा शब्द आज शाळेत पूर्ण जीवेसाठी वापरला जातो. ज्या आणि जीवा एकमेकांच्या इतके जवळचे, की एक अर्ध्यासाठी आणि एक पूर्णासाठी ठेवला तर मुले नक्की अदलाबदल करणार. बगदादकरांना वतर या शब्दाने जे अडवले तेच इथे जीवेने अडवते.

तिसरी अडचण चिन्हाची. सूत्रात आपण sin θ असेच लिहितो. जगातली सारी पुस्तके तसे लिहितात, गणकयंत्राच्या बटणावर तेच असते. डोळ्याने sin वाचायचे आणि तोंडाने ज्या म्हणायचे, हे मुलाला प्रत्येक ओळीत करावे लागेल. अकरावीला इंग्रजी माध्यमात गेल्यावर पुन्हा उलटे. तोंडचा शब्द आणि कागदावरचे चिन्ह यांची फारकत झाली, की गणित मंदावते. वर्गात हे ओळखणे सोपे आहे. मुलाला सूत्र मोठ्याने वाचायला सांगा. तो चिन्हापाशी थांबून शब्द आठवू लागला, तर चिन्ह आणि नाव यांचे जुळलेले नाही असे समजावे.

म्हणून साइन ठेवावा. तो मूळचा आपला आहे म्हणून नव्हे. तेवढ्यावर ठेवला तर पुन्हा अभिमानच झाला. अशा अभिमानाने आणखी एक घोटाळा होतो. कोसाइनमधला 'को' हा आपल्या कोटिज्येतला 'को' आहे, असे काही जण हौसेने सांगतात. तसे नाही. कोटिकोनाचा साइन, या अर्थाच्या लॅटिन शब्दांचे ते आखूड रूप आहे आणि एडमंड गंटर या इंग्रज गणित्याने ते १६२० मध्ये वापरात आणले. कोटिज्या आणि कोसाइन एकच गोष्ट सांगतात, हे खरे. पण 'को'चे साम्य हा निव्वळ योगायोग आहे.

मग सगळेच इंग्रजी ठेवायचे का? मुळीच नाही. ज्या धड्यात साइन आहे त्याच धड्याचे नाव त्रिकोणमिती आहे, आणि ते उत्तम आहे. मूळ शब्द ग्रीक तुकड्यांचा, त्रिकोण आणि मोजणे. तो १५९५ मध्ये युरोपात पुस्तकाचे नाव म्हणून छापला गेला, म्हणजे तिथेही तो घडवलेलाच. मराठीत त्याचे तुकडे आधीच ओळखीचे होते. त्रिकोण सगळ्यांना ठाऊक, आणि मिती म्हणजे मोजणे हे भूमितीमुळे ठाऊक. मुलाने शब्द पहिल्यांदा ऐकला तरी निम्मा अर्थ त्याच्या हाती लागतो. त्याला कुठले चिन्ह चिकटलेले नाही, आणि दुसऱ्या कुणाची जागा तो अडवत नाही. इथे घडवलेला शब्दच योग्य.

घडवायचे म्हणजे संस्कृतातूनच घडवायचे, असेही नाही. ओळखीचे तुकडे हवेत, एवढेच. वजाबाकी हा शब्द घ्या. वजा अरबीतून आलेला, बाकीही अरबीतून आलेला. पण दोन्ही शब्द हिशेबाच्या वह्यांत इतके मुरले होते, की त्यांचा जोड कुणाला शिकवावा लागला नाही. व्यवकलन हा संस्कृत शब्द पंडितांच्या गणितात होता. तो तिथेच राहिला आणि दुसरीतले पोर वजाबाकी करू लागले. या शब्दाला संस्कृत आडनाव नाही म्हणून तो कमी मराठी आहे, असे कोण म्हणेल?

आता आजचा एक शब्द घेऊन ही रीत पडताळून पाहू. अल्गोरिदम. संगणकाने एखादे काम कोणत्या क्रमाने, कोणत्या पायऱ्यांनी करायचे, त्या ठरलेल्या कृतीला अल्गोरिदम म्हणतात. वर्तमानपत्रात हा शब्द रोज येतो. मराठी शब्द काय?

आधी मूळ शोधू, म्हणजे स्पेनमधल्यासारखी चूक होणार नाही. हा शब्द म्हणजे एका माणसाचे नाव आहे. नवव्या शतकात बगदादला मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचा गणिती होता. वर ज्या सिंदहिंदचा उल्लेख केला, त्याच्या आधाराने त्यानेही कोष्टके केली. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्याने पुस्तक लिहिले. लॅटिनमध्ये त्याचे नाव 'अल्गोरित्मी' असे झाले, आणि पुढे भारतीय अंकांनी हिशेब करण्याच्या पद्धतीलाच ते नाव पडले. म्हणजे शब्दाच्या तुकड्यांत अर्थ शोधण्यात अर्थ नाही. तिथे फक्त ख्वारिज्म हा प्रदेश आहे. विशेषनामावरून आलेल्या संज्ञा तशाच ठेवाव्यात, हे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक शब्दावली आयोगाचेही धोरण आहे. व्होल्ट, अँपिअर हे शब्द म्हणूनच सगळ्या भारतीय भाषांत तसेच आहेत. एकक, चिन्ह आणि माणसाचे नाव यांचे भाषांतर करायचे नसते.

तरीही कुणी म्हणेल, अल्गोरिदम हे आता नाव राहिले नाही, ती कल्पना झाली. कल्पनेला मराठी शब्द हवा. हे म्हणणे रास्त आहे. म्हणून दुसरी खूण लावू. हिंदीत 'कलनविधि' असा शब्द घडवला गेला. दिसायला सुबक आहे. पण गणितात 'कलन' म्हणजे कॅलक्युलस, आणि मराठीत अवकलन, समाकलन हे शब्द त्याच कुटुंबातले. कलनविधी ऐकून गणिताचा विद्यार्थी भलत्याच दालनात जाईल. जागा अडलेली आहे. 'कृतिक्रम' म्हणावे तर स्वयंपाकाची कृतीही त्यात बसते, आणि पायऱ्या कधीतरी संपल्याच पाहिजेत, प्रत्येक पायरी नि:संदिग्ध हवी, ही शास्त्रातली अट त्यातून सुटते. 'रीत' हा शब्द मला कवी म्हणून फार आवडतो. भागाकाराची रीत असे आपण म्हणतोच, आणि भागाकाराची रीत हा खराखुरा अल्गोरिदमच असतो. पण रीत म्हणजे चालीरीतही. समजावून सांगताना 'रीत' वापरावी. संज्ञा म्हणून ती पुरणार नाही.

म्हणून संज्ञा अल्गोरिदमच ठेवावी. मात्र ठेवायची म्हणजे नीट घरात घ्यायची. त्याचे लेखन एकच ठरवावे, नाहीतर एकच शब्द चार तऱ्हांनी छापला जातो आणि सूचीत किंवा संगणकावर शोधताना अर्धे लेख सापडत नाहीत. त्याचे लिंग ठरवावे. तो अल्गोरिदम, हा अल्गोरिदम, असे आता लोकच म्हणू लागले आहेत. विभक्ती लागतेच, अल्गोरिदमने, अल्गोरिदमचा. पुढे 'केंद्र'सारखी त्याला मुलेबाळे होतील की नाही, ते वापरणारे ठरवतील. आणि पहिल्यांदा शब्द आला की एका वाक्यात अर्थ सांगावा. परका शब्द ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती प्रत्येक लेखकाने दिली पाहिजे. ती न देता शब्द तसाच वाचकापुढे टाकणे हा नुसता आळस.

परिभाषा कोशात शब्दापुढे शब्द देण्याची आपली पद्धत आहे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मधे काही नाही. भाषांतरकाराला तेवढे पुरते; शिकणाऱ्याला पुरत नाही. मला विचारले तर साइन या शब्दापुढे मी असे लिहीन : "काटकोन त्रिकोणातील लघुकोनाची संमुख बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर. चिन्ह sin. जुन्या भारतीय गणितातील ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी, या शब्दावरून अरबी जीब, त्याचे चुकीचे वाचन जैब, त्याचे लॅटिन भाषांतर सायनस, त्यावरून इंग्रजी साइन. जुनी ज्या ही लांबी असे. तिला त्रिज्येने भागले की साइन मिळतो." एवढ्या चार ओळी वाचलेल्या मुलाला साइन परका वाटणार नाही, आणि त्याच्यासाठी नवा शब्द घडवावा असेही कुणाला वाटणार नाही.